डॉमिनोसा : उरलेल्या जोड्यांचा हिशेब

डॉमिनोचा संच आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. प्रत्येक पट्टीवर दोन घरे असतात आणि प्रत्येक घरात शून्यापासून सहापर्यंत ठिपके. कोणतीही जोडी संचात एकदाच येते. शून्य-शून्य एक, शून्य-एक एक, याप्रमाणे मोजत गेले म्हणजे २८ पट्ट्या होतात. या २८ पट्ट्या सात ओळींच्या व आठ स्तंभांच्या चौकटीत बसवून कोणी केवळ घरांतील आकडे उतरून घेतले आणि पट्ट्यांच्या कडा पुसून टाकल्या, तर त्या कडा पुन्हा शोधून काढावयाच्या, हेच डॉमिनोसा नावाचे कोडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते जर्मनीत खेळले जात असे.

प्रथमदर्शनी ते अशक्य वाटते. ५६ घरांच्या त्या चौकटीत शेजारच्या दोन घरांच्या जोड्या ९७ भरतात आणि त्यांतून नेमक्या २८ निवडावयाच्या असतात. नजरेने हे साधत नाही, हिशेबाने साधते. म्हणून जाणकार माणूस चौकटीकडे पाहण्यापूर्वी शेजारी संचातील सर्व जोड्यांची यादी लिहून ठेवतो आणि प्रत्येक जोडी चौकटीत किती ठिकाणी बसू शकते, ते तिच्यापुढे मांडतो. आडव्या जोड्या मोजून उभ्या विसरणे, ही येथली नेहमीची चूक होय.

रीत समजण्यासाठी आपण लहान संच घेऊ. आकडे फक्त शून्य, एक आणि दोन, पट्ट्या सहा, घरे बारा.

० १ १ २
२ ० १ ०
२ ० २ १

यादी करून पाहिली तर शून्य-एक पाच ठिकाणी बसू शकते, शून्य-दोनही पाच ठिकाणी, एक-दोन तीन आणि एक-एक दोन ठिकाणी. परंतु शून्य-शून्य एकाच ठिकाणी सापडते : दुसऱ्या स्तंभात, दुसऱ्या व तिसऱ्या ओळींत. दोन-दोनही एकाच ठिकाणी आहे, पहिल्या स्तंभात, त्याच दोन ओळींत. जिला एकच जागा आहे, तिला ती द्यावीच लागते. या दोन पट्ट्या निःशंकपणे आखून घ्याव्या आणि यादीतून खोडाव्या.

आता वरच्या डाव्या कोपऱ्यातील शून्य पाहा. त्याच्या खालचे घर गेले. तेव्हा त्याला उजवीकडच्या एकाशीच जोडी जमविणे भाग आहे. शून्य-एक ही पट्टी अशी खर्ची पडली. खरा लाभ येथे होतो. पट्टी संचात एकच असल्यामुळे चौकटीत इतरत्र जेथे जेथे शून्य आणि एक शेजारी आहेत, त्या सर्व जागा एकदम रद्द होतात. मधल्या ओळीच्या शेवटी जे शून्य आहे, त्याच्या डावीकडे एक आणि खालीही एकच. दोन्ही वाटा बंद झाल्या. उरले वरचे दोन. म्हणून शून्य-दोन तेथे. मग पहिल्या ओळीतील तिसऱ्या घरातील एकाला खालच्या एकावाचून सोबती नाही आणि शेवटी तळाशी दोन-एक आपोआप राहते. सहाही पट्ट्या लागल्या. अंदाज एकदाही करावा लागला नाही.

कोठे चुकले तर ते कसे कळावे? खुणा दोन आहेत. एखादे घर चहूंकडून बंद होऊन एकटे पडते, किंवा यादीत न खोडलेल्या एखाद्या जोडीला चौकटीत जागाच उरत नाही. यांपैकी एकही दिसले की पुढे न जाता मागील पायरी तपासावी.

मात्र या हिशेबाची एक मर्यादा आहे. समजा, अखेरीस चारच घरांचा चौरस उरला. वर एक व शून्य, खाली दोन व एक. आडव्या पट्ट्या घातल्या तर एक-शून्य आणि दोन-एक होतात. उभ्या घातल्या तरी एक-दोन आणि शून्य-एक, म्हणजे त्याच जोड्या! कर्णावरील दोन्ही आकडे सारखे असले की असे होणारच. येथे यादी कितीही काटेकोर ठेवली तरी निर्णय लागत नाही, कारण दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. दोष सोडविणाऱ्याचा नसून कोडे रचणाऱ्याचा आहे.

यातूनच सोडविणाऱ्याच्या हाती एक उपयुक्त खूण येते. कोड्याला एकच उत्तर आहे अशी हमी असेल, तर कर्णावर सारखे आकडे असलेल्या कोणत्याही चौरसात दोन पट्ट्या शेजारी-शेजारी कधीच बसलेल्या नसतात. त्यांतील एक पट्टी निश्चित झाली की तिच्या बाजूची समांतर जागा तत्काळ खोडून टाकावी.