नहाणीतला वास आणि पाच सेंटिमीटर पाणी

मे महिन्यात गावाला जाऊन आलं, की पाहुण्यांच्या बाथरूमचं दार उघडताच गटाराचा वास अंगावर येतो. फरशी घासून, फिनेल ओतून तो तासभर दबतो आणि पुन्हा येतो, कारण तो फरशीचा नसतोच. तो येतो ड्रेनेजच्या पाइपातून. आत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू तयार होतात आणि वाट मिळेल तिथून वर येतात.

ही वाट जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये पाण्यानेच अडवलेली असते. ट्रॅपमधलं पाणी एका आडव्या आलेल्या भिंतीच्या खालून जातं आणि पलीकडच्या काठावरून पाइपात सांडतं. ओतणं थांबलं तरी त्या काठापर्यंत पाणी साचून राहतं आणि भिंतीची खालची कड त्यात बुडलेली राहते. ही कड जेवढी बुडालेली, तेवढी वॉटर सीलची खोली. भांड्यात एकूण पाणी किती आहे, याला महत्त्व नाही. चांगल्या ट्रॅपमध्ये ही खोली ५० मिलिमीटर असते.

आता स्टीलची जाळी आणि तिला खालून जोडलेली उलटी वाटी, अशा स्वस्त ट्रॅपचं उदाहरण घेऊ. जाळी सरळ वर उचलून वाटीची कड पाहा. ओला पट्टा कडेपासून कुठवर आहे, ते पट्टीने मोजा. तो १५ मिलिमीटर भरला, तर तुमचं सील तेवढंच. उन्हाळ्यात बंद घरात हे पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि कड उघडी पडते. शिवाय झाडलोट करताना वाटी काढून बाजूला ठेवली, तर सील क्षणात नाहीसं होतं. वास येणाऱ्या घरांत मी आधी हेच तपासायला सांगेन.

उथळ सीलला आणखी एक धोका असतो. वरच्या मजल्यावर फ्लश झाला, की उभ्या पाइपातून धावणारं पाणी हवा ओढतं. गच्चीपर्यंत गेलेला व्हेंट पाइप नसेल किंवा तुंबलेला असेल, तर ही ओढ ट्रॅपमधलं पाणी खेचून नेते. अशा वेळी जाळीतून गुळगुळ आवाज येतो. १५ मिलिमीटरचं सील अशा धक्क्यात लवकर तुटतं, ५० चं बऱ्याचदा टिकतं.

कारण ओळखणं सोपं आहे. बादलीभर पाणी हळू ओता. वास थांबून बरेच दिवस आला नाही, तर पाणी नुसतं सुकलं होतं. दुसऱ्याच दिवशी वास परतला, तर पाणी खेचलं जातंय, भांड्याला चीर आहे किंवा काठावर अडकलेला केसांचा गुंता ते वातीसारखं शोषून पाइपात नेतोय. गुंता स्वतः काढा, बाकीचं प्लंबरला दाखवा.

गावाला निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल ओता. तेलाच्या थराने पाणी सावकाश सुकतं. आणि बाथरूम नव्याने करणार असाल, तर फरशी बसण्याआधी ५० मिलिमीटर सीलचाच ट्रॅप मागून घ्या, कारण नंतर तो बदलायला फरशी फोडावी लागते.