कर्णाची आई कोण, हे कोणत्या खंडात लिहायचं?

आखाडा बाळापूरच्या आसपास फेब्रुवारी लागला की हळदीचं काम सुरू होतं. काढणी, मग शिजवणं, मग वाळत घालणं, शेवटी पॉलिश करून वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात नेणं. घरात माणसं कमी असली की कॉलेजात जाणारी मुलगी आधी शेतावर जाते. माझ्या शेजारची एक मुलगी यंदा अशीच मराठीच्या तासांना मुकली आणि नेमकी त्याच काळात वर्गात ‘मृत्युंजय’ शिकवून झाली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 साली आली. पानं सातशेच्या घरात. परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिनं विचारलं, “काकू, खंडागणिक थोडक्यात लिहून द्याल का? आन् ही नावं इतकी हायेत, कोन कोनाचा ते पन.”

मी होकार दिला, पण वहीला हात लावण्याआधी कादंबरीची ठेवण नीट पाहावी लागली. ‘मृत्युंजय’चे नऊ खंड आहेत आणि प्रत्येक खंडात एकच माणूस ‘मी’ म्हणून बोलतो. चार खंड कर्णाचे. उरलेल्या पाचांत कुंती, दुर्योधन, कर्णाचा धाकटा भाऊ शोण, पत्नी वृषाली आणि अखेरीस श्रीकृष्ण. म्हणजे इथे गोष्ट सलग पुढे सरकत नाही, ती हातोहात जाते. सारांश लिहिताना कोण बोलतंय हे सुटलं, तर उरतं ते महाभारताचं कथासार. ते या मुलीला लहानपणापासून माहीत होतंच.

माझी पद्धत अशी. खंड पूर्ण वाचून संपेपर्यंत पेन उघडायचं नाही. मग वहीचं एक पान त्या खंडाला. पहिल्या ओळीत बोलणाऱ्याचं नाव आणि त्याखाली एक वाक्य: या क्षणी या माणसाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही. त्यानंतर घटना, आठ-दहा वाक्यांत, आणि शेवटी हा खंड नसता तर काय कळलं नसतं, ते. हे शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ते जमत नसेल तर खंड पुन्हा चाळावा. बहुधा आपण घटना टिपलेल्या असतात आणि बोलणारा निसटलेला असतो.

पहिल्या खंडाचा सारांश मी तिलाच लिहायला सांगितला. सुरुवात तिनं अशी केली: कुंतीचा पुत्र कर्ण चंपानगरीत राधा आणि अधिरथ यांच्या घरी वाढला. वाक्यात खोटं काही नाही, तरी कादंबरी तिथेच मोडते. पहिल्या खंडातल्या कर्णाला कुंती आपली कोणीच नाही. राधा त्याची आई आहे, ती त्याला ‘वसू’ म्हणते, आणि जन्मतः अंगावर असलेल्या कवचकुंडलांचं कोडं त्याला सुटलेलं नाही. सावंतांनी कुंतीचा खंड लगेच दुसरा ठेवला आहे. तिथे वाचकाला सगळं कळतं: कुंतिभोजाच्या घरचं बालपण, दुर्वास ऋषींचा मंत्र, नदीत सोडलेली पेटी. कर्णाला मात्र कळत नाही. तिथून पुढचं प्रत्येक पान आपण त्याच्यापेक्षा जास्त जाणून वाचतो, आणि ते दुखतं. ‘कुंतीपुत्र’ हा शब्द पहिल्या पानावर लिहिला की ते दुखणंच उरत नाही. तिला एवढंच म्हटलं, “बाई, कर्णाला ठाऊक नाही ते त्याच्या पानावर लिहू नकोस.” तिनं ओळ खोडून पुन्हा लिहिली.

पात्रांचा तक्ता याच नियमानं केला. दुकानदार उधारीला ठेवतात तशी लांब वही घेतली आणि आडव्या पानावर पाच रकाने आखले: नाव आणि इतर नावं, नातं, पहिल्यांदा कुठे आला, त्याच्याबद्दलचं गुपित, आणि ते गुपित कोणाला कधी कळलं. साध्या तक्त्यात पहिले तीनच असतात. पण ‘मृत्युंजय’ शेवटच्या दोन रकान्यांवर उभी आहे.

कर्णाची ओळ भरता भरता पान संपलं. नावांच्या रकान्यात कर्ण, वसुसेन, राधेय, सूतपुत्र, अंगराज. नुसती यादी उपयोगाची नाही. कोण कोणत्या नावानं हाक मारतं ते शेजारी हवं. ‘सूतपुत्र’ ही शिवी म्हणून येते, ‘अंगराज’ हे दुर्योधनानं दिलेलं, ‘राधेय’ त्याला स्वतःला प्रिय. नात्याच्या रकान्यात ‘आई: राधा’. दुसरा खंड झाल्यावर तिनं ते खोडायला पेन उचललं, मी थांबवलं. राधा खोडायची नाही. तिच्याखाली नवी ओळ: ‘जन्मदात्री कुंती. वाचकाला कळले, खंड दोन. कर्णाला अजून नाही.’ पुढे युद्धाच्या तोंडावर श्रीकृष्ण त्याला सत्य सांगतो, तेव्हा तिसरी ओळ. पांडवांना हे कळतं कर्ण गेल्यावर, ती चौथी. या चार ओळी वरून खाली वाचल्या की कादंबरीचा कणा हाताला लागतो.

रंगभूमीच्या प्रसंगावर या तक्त्याचा कस लागला. शस्त्रस्पर्धेत कर्ण अर्जुनासमोर उभा राहतो, कृपाचार्य कुळ विचारतात, दुर्योधन त्याला अंगदेशाचा राजा करतो, म्हातारा अधिरथ येतो आणि कर्ण त्याच्यापुढे मस्तक लववतो. त्याच गर्दीत कुंतीला भोवळ येते. कर्णाच्या बाजूनं लिहिताना ‘राजमातेला भोवळ आली’ एवढंच लिहायचं, कारण द्यायचं नाही. कुंतीच्या ओळीत मात्र तोच प्रसंग कवचकुंडलांच्या ओळखीनं लिहायचा. प्रसंग एक, नोंदी दोन. त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. परीक्षेत निवेदनपद्धतीवर प्रश्न आला तर याच दोन नोंदी समोर ठेवून उत्तर लिहिता येतं.

तक्ता कुठे अपुरा पडतो तेही दिसलं. अश्वत्थामा, शकुनी, भानुमती यांच्या ओळी चटकन भरल्या. शोणाची ओळ भरेना. त्याचं गुपित काही नाही, तो भावावर जीव टाकतो आणि त्याच्या मागे चालतो, बस. रकाना मोकळा राहिला म्हणून पात्र फालतू, असं तिला वाटू लागलं. मग नात्याच्या रकान्यात लिहिलं: ‘कर्णाला सख्खा भाऊ मानणारा, रक्ताचा नसलेला.’ कुंतीनं गंगाकाठी येऊन पाच भावांची आठवण दिल्यावर कर्ण का हलत नाही, याचं अर्धं उत्तर या एका ओळीत आहे.

सावंतांची भाषा सारांशात येत नाही. ती लांब, लयीची, सूर्याशी आणि नदीशी बोलणारी आहे. म्हणून वहीत तीन जागी लाल पेनानं ‘हे पुस्तकातूनच वाच’ असं लिहिलं: इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन कवचकुंडलं मागतो तो भाग, गंगाकाठची कुंती-कर्ण भेट, आणि श्रीकृष्णाचा शेवटचा खंड पूर्ण. हळद वाळत पडली होती तेव्हा राखणीला बसून तिनं गंगाकाठची भेट वाचली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “काकू, आता त्याला समदं ठाऊक हाय, मग राधाचं नाव वर का ठेवायचं?” मी सांगितलं, तोही शेवटपर्यंत राधेयच राहतो, म्हणून.

बुडालेल्या तासांसाठी कोणाला अशी वही करून देणार असाल, तर पाचवा रकाना आधी आखा आणि पहिल्या खंडाचं पान विद्यार्थ्याच्याच हातून लिहून घ्या. आणि वही परीक्षेच्या आदल्या रात्री देऊ नका; लाल पेनाच्या त्या तीन जागा वाचून व्हाव्यात एवढे दिवस तरी त्याच्या हाताशी असू द्या.