'ग्लुटेन-फ्री' बिअरमध्ये उरते काय?

सीलिअॅक रुग्णांना गव्हाइतकीच बार्लीही वर्ज्य. तिच्यातले हॉर्डिन हे प्रथिन त्यांच्या लहान आतड्याला इजा करते. आंबवताना यीस्ट मुख्यतः साखर खाते, त्यामुळे साध्या बिअरमध्ये हॉर्डिन उरतेच. काही कंपन्या विकर घालून त्याचे तुकडे करतात. मग ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत भरले, की युरोपात बाटलीवर 'ग्लुटेन-फ्री' छापता येते.

गोम मोजणीत आहे. एक प्रचलित चाचणी प्रथिनाला दोन जागी पकडते. आखूड तुकड्यात दुसरी जागाच नसली, तर तो मोजलाच जात नाही. रुग्णाची प्रतिकारशक्ती मात्र त्याला ओळखू शकते. म्हणूनच अमेरिकेत 2020च्या नियमानुसार कच्चा मालच आंबवण्यापूर्वी ग्लुटेनमुक्त लागतो. ज्वारीची बिअर त्यात बसते. रुग्णाने घटकांच्या यादीत 'बार्ली माल्ट' वाचले, तर ती बाटली परत ठेवावी.