राउटरचं लेबल आणि टाचणीचं भोक

घरच्या इंटरनेटचे पासवर्ड बहुतेक ठिकाणी तीन असतात आणि घरातल्या माणसांना त्यातला एकच ठाऊक असतो. तो वायफायचा, पाहुणे आल्याआल्या विचारतात तो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड. वायफायचं नाव बदलायचं असो की मुलांच्या मोबाइलचं नेट रात्री बंद करायचं असो, तो लागतोच. तिसरा इंटरनेटवाल्याने जोडणी देताना राउटरमध्ये भरून ठेवलेला असतो. आपण विसरतो दुसरा, पण घरचं नेट चार दिवस बंद पडतं ते तिसऱ्यामुळे.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडची पेइंग गेस्ट मुलगी खोली सोडून गेली, म्हणून त्यांना वायफायचा पासवर्ड बदलायचा होता. जोडणी परिसरातल्या केबलवाल्याची, राउटर त्यांनी स्वतः दुकानातून आणलेला, टीपी-लिंकचा. मोबाइल वायफायला जोडलेला ठेवून त्यांनी त्या वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ पाहिला, तो निघाला 192.168.0.1. हा आकडा ब्राउझरमध्ये वर, पत्त्याच्या पट्टीत टाकायचा. गूगलच्या शोधपट्टीत टाकला तर भलतीच पानं उघडतात. आकडा घरोघरी सारखा नसतो, कुठे 192.168.1.1 असतो, जिओफायबरवर 192.168.29.1. म्हणून पाठ करण्यापेक्षा गेटवे बघावा. पान उघडलं आणि त्याने अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला. काकूंना तो आठवेना.

मग राउटर उलटा केला. मागच्या लेबलवर मॉडेल, सिरियल नंबर, मॅक अ‍ॅड्रेस, वायफायचं कारखान्यातलं नाव आणि एक आठ आकडी पासवर्ड. काकूंनी तोच टाकला आणि तो चुकीचा ठरला. ही गल्लत सर्रास होते, कारण तो आठ आकडी पासवर्ड वायफायचा असतो, अ‍ॅडमिनचा नाही. अ‍ॅडमिनचा असला तर लेबलवर लॉगिन किंवा युजरनेम या शब्दांजवळ वेगळा छापलेला असतो. जुन्या राउटरांवर तिथे युजरनेम admin, पासवर्ड admin असं सरळ लिहिलेलं असे. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने असल्या साठेक ठरावीक जोड्या आलटूनपालटून वापरत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. पुढे काही देशांनी याविरुद्ध कायदेही केले. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकता येत नाही. त्यामुळे नव्या राउटरच्या लेबलवर प्रत्येक नगाचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो, किंवा अ‍ॅडमिनचा पासवर्ड छापलेलाच नसतो आणि पहिल्यांदा पान उघडताना तो आपल्यालाच ठरवायला लावतात. काकूंचा राउटर या दुसऱ्या जातीचा होता.

लेबलवर राउटर कारखान्यातून निघाला तेव्हाची स्थिती छापलेली असते. नंतर कोणी पासवर्ड बदलला तरी लेबल तेच सांगत राहतं. म्हणून तिथला अ‍ॅडमिन पासवर्ड दोनच वेळी चालतो: तो कधीच बदललेला नसेल तेव्हा, किंवा राउटर नुकताच रिसेट केलेला असेल तेव्हा. बदललाय की नाही याचा एक चांगला सुगावा वायफायच्या नावात मिळतो. मोबाइलवर दिसणारं नाव लेबलवरच्यासारखंच असेल तर आत कोणी फारसा हात लावलेला नाही, लेबलवरचा पासवर्ड चालण्याची आशा आहे. शून्य आणि ओ, एक आणि एल यांची अदलाबदल तपासून पुन्हा टाकून पाहा. नाव बदललेलं असेल, तर कोणीतरी आत गेलं होतं आणि बहुधा अ‍ॅडमिन पासवर्डही बदलून आलं. काकूंच्या वायफायला त्यांच्या फ्लॅटचा नंबर होता. म्हणजे लेबल बाद.

इथे अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नये. बऱ्याच राउटरांना ठरावीक चुकांनंतर काही काळ कुलूप लागतं. त्याऐवजी ज्या कॉम्प्युटरवरून राउटर पहिल्यांदा सेट केला, त्याच्या ब्राउझरमधल्या साठवलेल्या पासवर्डांमध्ये 192.168 शोधावं. जोडणी करायला आलेल्या मुलालाही विचारावं. ही मुलं बहुतेक वेळा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवतात. चांगली सवय नाही ही, पण अशा वेळी कामाला येते. काकूंच्या मुलाने मात्र नोकरी सोडली होती. राउटर बंद करून चालू केल्याने काही होत नाही, कारण पासवर्ड वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतो. तेव्हा उरला रिसेट.

पण टाचणी हातात घेण्याआधी तिसरा पासवर्ड हाताशी हवा. केबलवाल्यांच्या जोडण्यांमध्ये बहुधा PPPoE नावाची पद्धत असते. राउटर दर वेळी इंटरनेटवाल्याकडे युजरनेम आणि पासवर्ड देऊन आत शिरतो, आणि रिसेटमध्ये हे दोन्ही पुसले जातात. काकूंना युजरनेम जुन्या रिचार्जच्या मेसेजमध्ये सापडलं. पासवर्डसाठी ऑफिसला फोन करावा लागला, तोही ते उघडं असताना. शनिवारी रात्री रिसेट केलं असतं, तर सोमवारपर्यंत बिनानेटचं बसावं लागलं असतं. युजरनेम, पासवर्ड आणि असेल तर व्हीलॅन नंबर, हे सगळं कागदावर आल्यावरच पुढे जायचं.

राउटर चालू असतानाच मागच्या बारीक भोकात टाचणी किंवा सिमकार्डची पिन घालायची, आत बटण दबल्याचं जाणवतं. दहा सेकंद धरून ठेवायचं, दिवे एकदम लुकलुकले किंवा विझले की सोडायचं आणि दोन मिनिटं वीज तोडायची नाही. काही राउटरांवर भोक नसतं, एकच बटण डब्ल्यूपीएस आणि रिसेट दोन्हींचं असतं. ते थोडा वेळ दाबलं तर रिसेट होतच नाही. झालं की नाही हे मोबाइलवर कळतं: आपलं नाव यादीतून जातं आणि लेबलवरचं येतं. आता मात्र लेबलवरचा आठ आकडी पासवर्ड चालतो.

काकूंनी आत जाऊन नवा अ‍ॅडमिन पासवर्ड ठरवला, PPPoE भरलं, वायफायला पुन्हा फ्लॅटचा नंबर दिला. तरीही इंटरनेटचा दिवा नारिंगीच राहिला. कारण असं की, आधीचा राउटर बदलला तेव्हा त्या मुलाने जुन्याचा मॅक अ‍ॅड्रेस नव्यात भरला होता आणि केबलवाल्याकडे तोच नोंदलेला होता. रिसेटने तोही गेला. ऑफिसला लेबलवरचा मॅक कळवला, त्यांनी नोंद बदलली, दिवा हिरवा झाला.

फायबर कंपनीने स्वतःचा राउटर दिला असेल तर यातलं काही करू नये. त्यातली जोडणीची नोंद पुसली गेली तर ती बऱ्याचदा कंपनीलाच पुन्हा भरावी लागते, म्हणून आधी कस्टमर केअर.

सगळं चालू झालं की सेटिंगमधून बॅकअपची फाइल काढून ठेवावी, पुढच्या रिसेटनंतर PPPoE हाताने भरावं लागत नाही. एक लक्षात ठेवायचं: बहुतेक मॉडेलांत बॅकअपबरोबर त्या दिवशीचा अ‍ॅडमिन पासवर्डही परत येतो. काकूंनी तो लेबलशेजारी चिकटवलेल्या कागदावर लिहिलाय, तारखेसकट.