चूक एकाची, उत्तर ऑफिसचं: क्लायंटला काय सांगायचं आणि काय नाही?

भोसरीतला एक वर्कशॉपवाला चाकणच्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. मे महिन्यातलं त्याचं बिल ४ लाखांचं आणि त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ७२ हजार. १८ जूनला कंपनीच्या अकाउंट्समधून फोन येतो, ‘तुमचं बिल आमच्या २बी मध्ये दिसत नाही. ७२ हजार रोखून ठेवलेत.’ वर्कशॉपवाला लगेच आपल्या कर सल्लागाराला फोन लावतो. तपासल्यावर कळतं की रिटर्न भरताना ऑफिसातल्या एकानं दुसऱ्याच ग्राहकाचा जीएसटी क्रमांक निवडला होता. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी चूक नेहमीची आहे. प्रश्न असा, की ऑफिसनं आता क्लायंटला काय सांगायचं?

चूक नेमकी कशी होते?

१५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांकातलं शेवटचं चिन्ह तपासणीसाठी असतं. त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर पोर्टल बहुधा तो क्रमांक घेतच नाही. फसगत होते ती क्रमांक खरा पण भलत्याचा असतो तेव्हा. सॉफ्टवेअरच्या यादीत सारख्या नावाच्या दोन कंपन्या एकाखाली एक असतात आणि घाईत खालची निवडली जाते. क्रमांकासमोर आलेलं नाव बिलाशी जुळवून दुसऱ्या कोणी पाहिलं नाही, तर रिटर्न तसंच जातं. म्हणजे निवड एकानं चुकवली, पण ती न तपासता पुढे पाठवली ऑफिसनं. म्हणूनच ‘आमच्याकडून चूक झाली’ हे वाक्य इथे सौजन्यापुरतं नाही, वस्तुस्थितीला धरून आहे. शिवाय क्लायंटनं काम दिलं ते ऑफिसला आणि फी घेतली तीही ऑफिसनं. कर्मचाऱ्याचं नाव सांगितल्यानं ही जबाबदारी कमी होत नाही.

मग सांगायचं कसं?

‘तांत्रिक अडचणीमुळे’ हे शब्द टाळलेलेच बरे. पोर्टलचा दोष नसताना तो सांगणं खोटं ठरतं आणि कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना ते दोन मिनिटांत कळतं. संदेश साधा असावा:

‘मे महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये तुमच्या या बिलावर आमच्या ऑफिसकडून चुकीचा जीएसटी क्रमांक गेला. तुमच्या कागदपत्रांत काही चूक नव्हती. जूनच्या रिटर्नमध्ये, म्हणजे ११ जुलैपूर्वी, आम्ही दुरुस्ती करतो. १४ जुलैच्या २बी मध्ये कंपनीला बिल दिसायला हवं. कंपनीला देण्यासाठी आमचं पत्र सोबत आहे.’

यातलं दुसरं वाक्य सर्वात मोलाचं आहे. क्लायंटला आपल्या ग्राहकासमोर मान वर ठेवायची असते आणि हे वाक्य ते काम करतं. तारखाही खऱ्याच द्याव्यात. जीएसटीआर-१ए मध्ये त्याच महिन्यात काही दुरुस्त्या करता येतात, पण घेणाऱ्याचा क्रमांक तिथे बदलता येत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्याच्या रिटर्नची वाट पाहावीच लागते. ‘उद्या करून देतो’ म्हणणं ही मग दुसरी चूक.

यावर क्लायंट हमखास विचारतो, ‘त्या नवीन मुलीनं केलं ना हे?’ इथेच बहुतेक ऑफिसं घसरतात. नाव घेत नाहीत, पण ‘नवीन स्टाफ आहे, समजून घ्या’ म्हणतात. चार माणसांच्या ऑफिसात हे नाव घेतल्यासारखंच झालं. उत्तर असं देता येतं, ‘साहेब, रिटर्न तपासून पाठवायची जबाबदारी आमची सगळ्यांची. कोणी केलं ते आम्ही आत बघतो. तुमचं काम कुठवर आलं ते मी स्वतः कळवीन.’ नाव इतर वाटांनीही फुटतं: ऑफिसातला अंतर्गत चॅटचा स्क्रीनशॉट पुढे पाठवला जातो किंवा दुसऱ्याच दिवशी त्या व्यक्तीला क्लायंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं जातं.

ऑफिसच्या आत मात्र नाव लपवण्याचं कारण नाही. कोणत्या पायरीवर काय झालं हे त्या व्यक्तीकडूनच समजतं. तीच चूक आणखी कोणाच्या बिलात गेली आहे का, हेही तिलाच विचारावं लागतं. हे न विचारता क्लायंटला ‘एकच बिल होतं’ असं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं निघालं, तर पहिल्या माफीला किंमत राहत नाही.

भरपाईचाही विचार हवा. कंपनीला महिनाभर ७२ हजारांचं क्रेडिट मिळालं नाही आणि वर्कशॉपवाल्याचे तेवढे पैसे अडकले. त्या महिन्याची फी न घेणं हा अनेकांना परवडणारा मार्ग आहे. ती रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून कापली, तर ‘आमची चूक’ हे शब्द पत्रापुरतेच उरतात.

नाव कधी झाकू नये?

हे सारं निष्काळजीपणाच्या, घाईच्या चुकांसाठी आहे. क्लायंटचा ओटीपी वापरून कोणी परस्पर काही भरलं, करासाठी दिलेले पैसे वळवले किंवा खोटी बिलं तयार केली, तर ती चूक नसून गुन्हा ठरू शकतो. तिथे काय घडलं ते क्लायंटला लगेच सांगावं लागतं आणि पोलिसांनी किंवा जीएसटी अधिकाऱ्यांनी विचारल्यास नावही द्यावं लागतं.