एका देठातल्या दोन वाटा

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बारीकशा देठाला लटकलेली असते. देठाच्या वरच्या टोकाला हायपोथॅलॅमस. ग्रंथीचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग एकमेकांना चिकटलेले, पण हायपोथॅलॅमसचा हुकूम दोघांकडे वेगवेगळ्या वाटेने पोचतो.

मागचा भाग हा खरं तर मेंदूचाच खाली उतरलेला तुकडा. हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींचे लांब तंतू देठातून थेट तिथे येतात. लघवीवाटे जास्त पाणी जाऊ न देणारं व्हॅसोप्रेसिन वरच तयार होतं, तंतूंमधून खाली येऊन साठतं आणि चेतासंदेश आला की रक्तात सुटतं.

पुढच्या भागात असे तंतू जवळजवळ नाहीतच. तरीही तो मेंदूचं ऐकतो, ते कसं? देठावरून उतरणाऱ्या इवल्या रक्तवाहिन्या १९३० मध्येच पोपा आणि फील्डिंग यांनी दाखवल्या होत्या, पण त्यांतलं रक्त वर जातं, असा त्यांचा समज होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी उंदरांच्या माद्यांचा देठ कापला. काहींचं ऋतुचक्र थांबलं, काहींचं पुन्हा सुरू झालं. सुरू झालेल्यांत कापलेल्या वाहिन्या परत जुळल्या होत्या. दोन टोकांमध्ये कागदाची चकती घातली, की चक्र परतत नसे. १९५२ मध्ये त्यांनी डोरा याकोबसोन यांच्यासह पिट्युटरी काढून हायपोथॅलॅमसच्या खाली रोपली, तेव्हा ती काम करू लागली. मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली रोपली, तेव्हा भरपूर रक्त मिळूनही ती निष्क्रिय राहिली. म्हणजे नुसतं रक्त पुरत नाही, ते हायपोथॅलॅमसमधून आलेलं लागतं. त्यात संप्रेरकांचे अगदी सूक्ष्म अंश असतात. ते सगळ्या शरीरात विरून जाण्याआधीच ग्रंथीत पोचतात, म्हणून तेवढेही पुरतात.

अपघातात डोक्याला मार लागून देठ तुटला, की या दोन्ही वाटा माणसातही दिसतात. रुग्णाला पाण्यासारखी लघवी होऊ लागते, दिवसाला कित्येक लिटर. काही दिवसांनी ती अचानक कमी होते. घरच्यांना सुधारणा वाटते, पण कधीकधी मरणाऱ्या तंतूंमधला व्हॅसोप्रेसिनचा साठा एकदम गळत असतो. तेव्हा पाणी अंगात साचतं आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. साठा संपला की लघवी पुन्हा वाढते. म्हणून या दिवसांत लघवीचं मोजमाप आणि सोडियमची तपासणी चुकवून चालत नाही.

पुढच्या भागाची संप्रेरकं हळूहळू घटतात, एक सोडून. दूध आणणारं प्रोलॅक्टिन उलट वाढतं, कारण हायपोथॅलॅमस त्याला डोपामिनने सतत आवरून धरत असतो आणि तो लगामही त्याच रक्तातून येतो. त्यामुळे पिट्युटरीत मोठी गाठ दिसली आणि प्रोलॅक्टिन मात्र थोडंच वाढलेलं असलं, तर गाठ स्वतः ते बनवत नसून देठ दाबत असेल, अशी शंका डॉक्टर आधी घेतात.