‘निर्वेध’ लिहिल्याने बोजा उतरत नाही

‘सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून तिच्यावर कोणाचाही बोजा नाही.’ खरेदीखतातलं हे वाक्य वाचून घेणारा निर्धास्त होतो. पण या वाक्याने बांधला जातो तो विकणारा. बँकेवर त्याचं काहीच बंधन नसतं.

समजा, एका शेतकऱ्याने शेजारची एकरभर जमीन ३० लाखांना घेतली. २५ लाख खरेदीच्या दिवशी दिले, ५ लाख सातबाऱ्यावर नाव लागल्यावर द्यायचे ठरले. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना कोरा होता. महिन्याभरात बँकेची नोटीस आली, ७ लाखांचं कर्ज थकलंय म्हणून. विकणाऱ्याने मूळ दस्त बँकेत ठेवून पैसे उचलले होते. असं गहाण कागद हवाली केले की होतं, त्याला नोंदणीकृत गहाणखत लागत नाही. जमीन नव्या मालकाकडे गेली तरी बँकेचा हक्क तिच्यासोबत जातो.

मग विकणाऱ्याच्या हमीला अर्थ काय? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, विक्रीवेळी असलेला बोजा फेडणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी. खरेदीखतात तसं लिहिलेलं नसलं तरीही. ‘तुम्ही चौकशी करायला हवी होती’ ही त्याची नेहमीची पळवाट. दोष लपवल्याच्या आरोपावर ती कदाचित चालेल, कारण साध्या चौकशीत कळण्याजोगा दोष सांगायचं बंधन कायदा घालत नाही. बोजा फेडण्याच्या जबाबदारीला मात्र अशी सूट नाही. जमीन बोज्यासकट विकली असेल तरच ती टळते.

आपल्या शेतकऱ्याने काय करावं? हातातले ५ लाख विकणाऱ्याला देऊ नयेत. तेच कलम त्याला बोज्याइतकी रक्कम किमतीतून राखून थेट बँकेला भरायची मुभा देतं. उरलेले २ लाख पदरचे घालून त्याने गहाण सोडवावं आणि ते विकणाऱ्याकडून वसूल करावेत. कर्जाला विकणाऱ्याची दुसरी जमीनही तारण असेल, तर आधी तिच्यातून वसुली करा, असा आग्रह कलम ५६ खाली धरता येतो. पूर्ण ३० लाख देऊन बसला असता, तर सातही लाखांसाठी त्याला विकणाऱ्याच्या मागे दिवाणी कोर्टात धावावं लागलं असतं. आणि विकणाऱ्याकडे काही उरलंच नसेल, तर हुकूमनामा मिळूनही वसुली अवघडच.

म्हणून सातबाऱ्यावर थांबू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून कागद ठेवून केलेल्या गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, तेव्हा तिथे शोध घ्या. गावच्या सोसायटीचा बेबाकी दाखला मागा. मूळ दस्त डोळ्यांनी पाहा. ‘हरवलाय, नक्कल आहे’ असं उत्तर आलं, तर विसार देऊ नका.